तारखांची अदलाबदल आणि चुकलेली वजाबाकी

भारतात तारीख लिहिताना आधी दिवस येतो, मग महिना, मग वर्ष. अमेरिकेत महिना आधी येतो. मराठी वर्तमानपत्रांत या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदतात. न्यूयॉर्कवरचा हल्ला ‘९/११’ म्हणून छापला जातो आणि मुंबईवरचा ‘२६/११’ म्हणून. पहिल्यात महिना आधी आहे, दुसऱ्यात दिवस. वाचकाचा गोंधळ होत नाही, कारण दोन्ही घटना त्याला ठाऊक असतात. बिलावरच्या तारखेला मात्र असा इतिहास नसतो. `05/03/2024` ही ५ मार्च की ३ मे, हे त्या आकड्यांकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही. ती तारीख कोणी लिहिली आणि आता कोण वाचतो आहे, यावर ते ठरते. हिशेबाच्या कामात वाचणारा बहुतेक वेळा संगणक असतो आणि तो शंका विचारत नाही.

वर्षातल्या सगळ्याच तारखा अशा दुहेरी नसतात. दिवस १३ किंवा त्यापुढचा असेल तर तो महिना म्हणून वाचताच येत नाही. पहिल्या बारा दिवसांचाच प्रश्न असतो. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस मिळून १४४ तारखा होतात. त्यांतल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा बारा तारखा उलट वाचल्या तरी त्याच राहतात. उरतात १३२. म्हणजे वर्षातल्या एक तृतीयांशाहून थोड्या अधिक तारखा चुकीच्या वाचल्या जाऊ शकतात आणि बाकीच्या जाऊच शकत नाहीत. सगळ्या तारखा एकसारख्या चुकल्या असत्या तर दोष पहिल्याच दिवशी दिसला असता. काही चुकतात आणि काही बरोबर राहतात, म्हणून तो महिनोन्महिने लपून राहतो.

हे घडण्याची सर्वांत नेहमीची जागा म्हणजे सीएसव्ही फाइल. बँकेचा खातेउतारा, खरेदीची नोंदवही, हजेरीचा तक्ता अशा अनेक गोष्टी दुसऱ्या प्रणालीतून सीएसव्ही रूपात बाहेर पडतात. या फाइलमध्ये नुसती अक्षरे आणि स्वल्पविराम असतात. कुठला कॉलम तारखेचा आहे आणि ती तारीख कुठल्या क्रमाने लिहिली आहे, याची नोंद तिच्यात नसते. फाइलवर दोनदा क्लिक केले की एक्सेल ती उघडते आणि तारखेसारखे दिसणारे सगळे आपल्या समजुतीने बदलून टाकते. ही समजूत विंडोजच्या रीजन सेटिंगवरून येते. तिथे `English (India)` असेल तर दिवस आधी धरला जातो, `English (United States)` असेल तर महिना. नवा लॅपटॉप अमेरिकी सेटिंगसह येणे किंवा परदेशी ग्राहकाच्या कामासाठी तसे करून ठेवलेले असणे, हे पुण्या-मुंबईच्या कार्यालयांत रोजचे आहे. ते सेटिंग कोणी पाहत नाही, कारण त्यामुळे काही अडते असे जाणवत नाही.

अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर `05/03/2024` ही नोंद आली की एक्सेल ती ३ मे २०२४ समजते. तारीख ते तारीख म्हणून साठवत नाही, तर १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरून येणारा अनुक्रमांक साठवते. ५ मार्च २०२४ चा क्रमांक ४५३५६ आहे आणि ३ मे २०२४ चा ४५४१५. सेलमध्ये ४५४१५ जाऊन बसतो आणि पडद्यावर दिसते `5/3/2024`. मूळ फाइलमध्येही पाच-तीनच होते, त्यामुळे पाहणाऱ्याला सगळे जसेच्या तसे आल्यासारखे वाटते. आकडे तेच आहेत, फक्त पुढची शून्ये गेली आहेत. हे गेलेले शून्य ही पहिली खूण आहे, पण तिच्याकडे लक्ष जायला डोळा तयार असावा लागतो.

त्याच कॉलममध्ये `22/02/2024` आले तर एक्सेलला बाविसावा महिना सापडत नाही. मग ते ती नोंद तारीख न मानता साधा मजकूर म्हणून ठेवते. आकडे आणि तारखा सेलच्या उजव्या कडेला टेकतात, मजकूर डाव्या कडेला. त्यामुळे अदलाबदल झालेल्या कॉलममध्ये काही नोंदी उजवीकडे आणि काही डावीकडे दिसतात. कोणी टापटिपीसाठी सगळा कॉलम मध्यभागी आणला की हीदेखील खूण पुसली जाते. उजवीकडच्या नोंदी नीट आणि डावीकडच्या बिघडलेल्या, असा समज पाहणाऱ्याचा सहज होतो. वस्तुस्थिती बरोबर उलटी असते. डावीकडचा मजकूर मूळ फाइलशी प्रामाणिक राहिलेला असतो. उजवीकडच्या देखण्या तारखांतच अदलाबदल झालेली असते.

याचा परिणाम वजाबाकीत कसा उतरतो, हे पाहण्यासाठी लहान उद्योगांच्या देण्यांचा हिशेब घेणे योग्य ठरेल. तिथे दिवसांच्या अंतरावरच कायदा उभा आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ च्या कलम १५ नुसार, लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून १९६१ च्या आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) लागू झाले. मुदत उलटल्यावर दिलेली रक्कम त्यामुळे खर्च म्हणून प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच वजा मिळते. साहजिकच त्या वर्षाची पुस्तके बंद करताना अनेक कार्यालयांत एकच काम चालू होते: एका कॉलममध्ये बिलाची तारीख, दुसऱ्यात पैसे दिल्याची तारीख, तिसऱ्यात दोन्हींची वजाबाकी, आणि ४५ च्या वर गेलेल्या ओळी वेगळ्या काढणे. पुढच्या उदाहरणांत माल बिलाच्या तारखेलाच स्वीकारला आणि ४५ दिवसांचा लेखी करार होता, असे धरले आहे.

पहिली ओळ घेऊ. बिल `05/03/2024`, पैसे दिले `12/04/2024`. ५ मार्च ते १२ एप्रिल हे अंतर ३८ दिवसांचे, म्हणजे मुदतीत. अमेरिकी सेटिंगवर दोन्ही तारखा उलटतात आणि ३ मे ते ४ डिसेंबर असे २१५ दिवस निघतात. वेळेवर पैसे देणारा कारखाना १७० दिवसांचा थकबाकीदार ठरतो आणि त्यावर व्याजही मांडले जाते. हे मोठे अंतर कोणाच्या तरी नजरेत भरते. पैसे एप्रिलमध्येच गेल्याचे खरेदी खात्याला आठवत असते आणि हिशेब परत येतो.

दुसऱ्या ओळीत बिल `05/03/2024` चेच, पण पैसे `18/04/2024` ला दिलेले आहेत. खरे अंतर ४४ दिवस. इथे पहिली तारीख उलटून ३ मे होते आणि दुसरी मजकूर म्हणून राहते. अमेरिकी सेटिंगच्या संगणकावर वजाबाकीच्या सेलमध्ये `#VALUE!` येते. तीच फाइल नेहमीच्या एक्सेल रूपात साठवून भारतीय सेटिंगच्या दुसऱ्या संगणकावर उघडली, तर एक्सेल वजाबाकी करताना तो मजकूर स्वतःच तारखेत बदलून घेते आणि तोही बरोबर, १८ एप्रिल म्हणून. पण ३ मे चा क्रमांक सेलमध्ये आधीच पक्का झालेला असतो. उत्तर येते उणे १५. पैसे बिलाच्या आधी दिले गेले, असा त्याचा अर्थ. आगाऊ रक्कम देण्याची पद्धत असलेल्या ठिकाणी तेही खपून जाते.

तिसरी ओळ सर्वांत घातक आहे. बिल `22/02/2024`, पैसे दिले `04/06/2024`. २२ फेब्रुवारी ते ४ जून हे अंतर १०३ दिवसांचे. मुदत ७ एप्रिललाच संपली होती, म्हणून हा खर्च २०२३-२४ मध्ये धरता येत नाही. तो २०२४-२५ मध्ये जातो आणि व्याजही लागते. अमेरिकी सेटिंगवर मात्र पैसे दिल्याची तारीख उलटून ६ एप्रिल होते आणि बिलाची मजकूर म्हणून राहते. दुसऱ्या ओळीप्रमाणेच फाइल भारतीय सेटिंगवर उघडली, की तो मजकूर बरोबर वाचला जातो. २२ फेब्रुवारी ते ६ एप्रिल म्हणजे ४४ दिवस, मुदतीच्या एक दिवस आत. ही ओळ चाळणीतून बिनबोभाट निसटते. तिच्यात ऋण आकडा नाही, दोनशे दिवसांचे अंतर नाही, संशय यावा असे काहीच नाही. खर्च चुकीच्या वर्षात बसतो, पुरवठादाराचे व्याज बुडते आणि तक्ता मात्र स्वच्छ दिसतो.

चौथी ओळ अंतराच्या तपासणीची मर्यादा दाखवते. बिल `03/04/2024`, पैसे `05/06/2024`. ३ एप्रिल ते ५ जून ६३ दिवस. उलट वाचल्यास ४ मार्च ते ६ मे, तेही ६३ दिवसच. वजाबाकी तंतोतंत बरोबर आली, पण बिल एप्रिलऐवजी मार्चमध्ये गेले, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षात. नुसते अंतर तपासणाऱ्याच्या हाती ही चूक कधीच लागणार नाही.

या चार ओळींमागचे गणित साधे आहे. महिना म्हणजे सुमारे तीस दिवस. दोन्ही तारखा उलटल्या की महिन्यांचा फरक दिवसांच्या जागी जातो आणि दिवसांचा फरक महिन्यांच्या जागी. पहिल्या ओळीत दिवसांचा फरक ७ आणि महिन्यांचा १ होता. एक महिना सात दिवसांचे अंतर सात महिने एक दिवस झाले. चौथ्या ओळीत दोन्ही फरक २ असल्यामुळे उलटूनही काही बिघडले नाही. एकच तारीख उलटली तर ती जितकी सरकते तितकीच चूक होते. ५ मार्च आणि ३ मे यांत ५९ दिवस आहेत, म्हणून दुसऱ्या ओळीतले ४४ चे उणे १५ झाले. ४ जून आणि ६ एप्रिल यांतही ५९ दिवसच आहेत, म्हणून तिसऱ्या ओळीतले १०३ घसरून ४४ वर आले. सर्वांत लहान सरकणे २ मार्च आणि ३ फेब्रुवारी यांचे आहे. साध्या वर्षात ते २७ दिवसांचे भरते. सर्वांत मोठे १ डिसेंबर आणि १२ जानेवारीचे, साध्या वर्षात ३२३ दिवसांचे.

यातून कामाला येणारी एक गोष्ट निघते. एकाच तारखेची अदलाबदल झाली असेल, तर चूक एक-दोन दिवसांची कधीच नसते. ती किमान महिनाभराच्या आसपास असते. एखाद्या अंतरात एका दिवसाचा फरक येत असेल, तर बहुधा पहिला किंवा शेवटचा दिवस धरायचा की नाही, याबद्दल दोन माणसांचे दोन हिशेब आहेत. सुमारे २९, ५९, ८९ अशा पायऱ्यांनी फरक येऊ लागला, तर आधी संगणकाचे रीजन सेटिंग उघडून पाहावे.

चूक पकडण्याचे काम कठीण होते ते बहुधा मधल्या एका प्रामाणिक दुरुस्तीमुळे. आर्टिकलशिप करणारा मुलगा तक्ता उघडतो, काही ओळींत `#VALUE!` पाहतो आणि कारण शोधू लागतो. डावीकडे टेकलेला मजकूर त्याला सापडतो. तो `22/02/2024` खोडून `2/22/2024` टाइप करतो, एक्सेल ते स्वीकारते आणि उत्तर येते. अशा सगळ्या ओळी दुरुस्त झाल्यावर तक्त्यात एकही त्रुटी उरत नाही. वेळेचा ताण असताना हे वागणे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यात निष्काळजीपणा नाही. परंतु ओरडणाऱ्या नोंदी मुळात बरोबर होत्या. गप्प राहिलेल्या नोंदी चुकलेल्या होत्या आणि त्या तशाच राहिल्या. शिवाय चुकीकडे बोट दाखवणारा पुरावाही आता नाहीसा झाला. म्हणून तारखेच्या कॉलममध्ये मजकूर सापडला, तर त्याला हात लावण्यापूर्वी उजवीकडे टेकलेल्या तारखा तपासाव्यात, हा क्रम नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा.

मॅक्रो वापरणाऱ्या कार्यालयांत तर एवढी खूणही मिळत नाही. व्हीबीएमधले `CDate` अमेरिकी सेटिंगवर `05/03/2024` ला ३ मे समजते, पण `22/02/2024` आले की न अडता क्रम बदलून २२ फेब्रुवारी वाचते. सगळा कॉलम तारखांनी भरतो, डावीकडे काहीच उरत नाही आणि `#VALUE!` ही येत नाही. `Workbooks.Open` ने सीएसव्ही उघडताना `Local:=True` दिले नाही, तर भारतीय सेटिंगच्या संगणकावरही तारखा अमेरिकी क्रमानेच वाचल्या जातात. हाताने उघडल्यावर बरोबर दिसणारी फाइल मॅक्रोतून चुकीची येते, याचे हेच कारण.

तपासणीच्या तीन पद्धती भरवशाच्या आहेत. पहिली मोजणीची. `=COUNTA(A2:A500)` भरलेले सेल मोजते आणि `=COUNT(A2:A500)` फक्त अंक आणि खऱ्या तारखा. दोन्ही उत्तरे वेगळी आली तर कॉलममध्ये मजकूर शिरला आहे. दुसरी पद्धत दिवसाचा आकडा पाहण्याची. अदलाबदल होऊन तयार झालेल्या तारखेचा दिवस म्हणजे मुळातला महिना, म्हणून तो १२ च्या वर जाऊ शकत नाही. खऱ्या म्हणून बसलेल्या शंभरभर तारखांत एकही १३ ते ३१ मधली नसेल, तर तो योगायोग नव्हे.

तिसरी पद्धत महिनावार बेरजेची. अनुभवी माणसे तीच आधी करतात, कारण ती मॅक्रोतून आलेल्या फाइललाही लागू पडते. समजा, उतारा जानेवारी ते मार्च या तिमाहीचा आहे. त्यातल्या पहिल्या बारा दिवसांच्या नोंदी उलटल्या की त्या वर्षाच्या बाराही महिन्यांत विखुरतात आणि प्रत्येक महिन्यात १, २ किंवा ३ तारखेलाच बसतात. महिनावार बेरीज घेतली की अजून न उजाडलेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही थोडे थोडे व्यवहार दिसतात. तीन महिन्यांच्या उताऱ्यात बारा महिने दिसणे, याहून उघड पुरावा नाही. उलट सरासरीवर विसंबणे धोक्याचे असते. पैसे देण्यास लागणारे सरासरी दिवस काढले, तर मोठी धन आणि मोठी ऋण अंतरे एकमेकांना खातात आणि सरासरी पटण्याजोगी येऊ शकते.

चूक सापडल्यावर संगणकाचे सेटिंग बदलले की ती सुधारते, हा अनेकांचा गैरसमज आधी दूर करावा लागतो. सेटिंग बदलले की ४५४१५ हा क्रमांक तोच राहतो, फक्त तो आता `03-05-2024` असा दिसू लागतो. योग्य उपाय म्हणजे मूळ सीएसव्हीकडे परत जाणे. ती दोनदा क्लिक करून न उघडता रिकाम्या वर्कबुकमध्ये `Data` खालच्या `From Text/CSV` ने आणावी, `Transform Data` मध्ये जाऊन एक्सेलने आपणहून केलेली `Changed Type` ही पायरी काढून टाकावी आणि तारखेच्या कॉलमला `Change Type` मधल्या `Using Locale` ने तारीख हा प्रकार आणि `English (India)` हा प्रदेश द्यावा. तारखा कुठल्या क्रमाने लिहिल्या आहेत, हे अशा रीतीने माणूस सांगतो आणि संगणकाला अंदाज करावा लागत नाही.

मूळ फाइल मिळतच नसेल आणि कॉलममध्ये कोणी हाताने काही बदलले नसेल, तर पुढचे सूत्र चालते. मजकूर `DD/MM/YYYY` याच साच्यात असायला हवा.

```
=IF(ISNUMBER(A2),
   DATE(YEAR(A2), DAY(A2), MONTH(A2)),
   DATE(RIGHT(A2,4), MID(A2,4,2), LEFT(A2,2)))
```

सेलमध्ये खरी तारीख असेल तर सूत्र दिवस आणि महिना परत जागेवर ठेवते. मजकूर असेल तर तो दिवस, महिना, वर्ष या क्रमाने वाचते. चालवण्याआधी वरची दुसरी तपासणी अवश्य करावी. खऱ्या म्हणून बसलेल्या तारखांत एखादीचाही दिवस १२ च्या वर असेल, तर ती अदलाबदलीतून आलेली नाही. कोणीतरी ती नंतर टाइप केली आहे किंवा ती मॅक्रोतून आली आहे. अशा मिश्र कॉलमवर सूत्र चालवले तर चुकलेल्या तारखा सुधारतात आणि हाताने बरोबर केलेल्या पुन्हा बिघडतात. बाविसाव्या दिवसाला महिना मानले की `DATE` त्रुटी न दाखवता पुढच्या वर्षातली तारीख काढून देते.

फाइल दुसऱ्याकडे पाठवतानाच तारीख `2024-03-05` अशी लिहिली, तर हा सगळा खटाटोप टळतो. वर्ष, महिना, दिवस हा क्रम १९८८ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे. एक्सेल तो दोन्ही सेटिंगवर एकसारखाच वाचते. बहुतेक हिशेबप्रणालींत निर्यातीचा साचा निवडण्याची सोय असते आणि तो एकदाच ठरवून ठेवावा लागतो. आलेली मूळ सीएसव्ही मात्र कधीही उघडून त्याच नावाने पुन्हा साठवू नये. साठवताना एक्सेल तारखा पडद्यावर दिसतात तशा लिहून टाकते आणि मूळ नोंद कायमची जाते. मूळ फाइल गेली आणि कॉलममध्ये मिश्र दुरुस्त्या झालेल्या असल्या, की `05/03` चा निवाडा कुठलेही सूत्र करू शकत नाही. मग प्रत्येक बिलाचा कागद आणि बँकेची नोंद काढून तारीख ताडून पाहावी लागते.